एक गिऱ्हाईक कितीला पडले?

हल्ली अकरावी-बारावीची मुलेसुद्धा स्टार्टअपच्या गोष्टी करतात. कॉलेजातल्या स्पर्धांत व्यवसायाची कल्पना मांडायची असते, आणि परीक्षक हमखास दोन प्रश्न विचारतात: तुमचा कॅक किती आणि एलटीव्ही किती? मुले पाठ केलेली उत्तरे देतात. कॅक म्हणजे कस्टमर अॅक्विझिशन कॉस्ट, एक नवे गिऱ्हाईक मिळवायला आलेला खर्च. एलटीव्ही म्हणजे लाइफटाइम व्हॅल्यू, ते गिऱ्हाईक आपल्याकडे असेपर्यंत त्याच्याकडून होणारी एकूण कमाई. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असला की धंदा चांगला. इथपर्यंत सगळ्यांना येते. पण हे दोन आकडे काढताना नेमके काय मोजायचे, ते फारसे कोणी सांगत नाही आणि सगळी गफलत तिथेच होते.

या महिन्यात आम्ही हा हिशेब एका खऱ्या वहीवरून मांडणार आहोत. आमची एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर पुण्यात गेली. तिथे ती आणि तिची अम्मी मिळून डबे पुरवतात. नोकरीसाठी आलेली मुले, काही विद्यार्थी, एक-दोन कुटुंबे. डबा फक्त दुपारचा. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "टीचर, अम्मीच्या बांगड्या ठेवून साठ हजार उचलायचे आणि सगळे जाहिरातीत टाकायचे असे ठरतेय. हिशेब पक्का आहे, एकदा बघून घ्या." तिची परवानगी घेऊन तो हिशेब इथे देत आहोत. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत, एवढेच.

आधी धंद्याचे साधे रूप पाहू. महिन्याला २५ डबे, डब्याला १२० रुपये, म्हणजे एका गिऱ्हाइकाचे महिन्याला ३,००० रुपये. हे पैसे आगाऊ घेतले जातात. एका डब्यामागे धान्य, भाजी, मटण-चिकन, तेल-मसाला असे ५५ रुपये जातात. गॅसचे ८, डब्याच्या पॅकिंगचे ७ आणि पोहोचवणाऱ्या मुलाचे २०. एकूण ९० रुपये. उरतात ३० रुपये. महिन्याचे २५ डबे धरले तर एका गिऱ्हाइकामागे ७५० रुपये उरतात. हा ७५० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो सारखा लागणार आहे. मदतनीस बायकांचा पगार, स्वयंपाकाच्या खोलीचे भाडे आणि वीज-पाणी यांचे मिळून महिन्याला ३७,००० रुपये वेगळे जातात. ते गिऱ्हाईक एक वाढले म्हणून वाढत नाहीत आणि एक गेले म्हणून कमी होत नाहीत. म्हणून ते या ९० रुपयांत धरलेले नाहीत, पण शेवटी याच ७५० मधून भागवायचे आहेत.

आता तिचा हिशेब. जून महिन्यात तिने इन्स्टाग्रामवर ६,००० रुपयांची जाहिरात दिली. त्या महिन्यात २५ नवी गिऱ्हाइके आली. सहा हजाराला पंचवीसने भागले की २४० रुपये. "टीचर, एक गिऱ्हाईक फक्त २४० रुपयांना पडले!" दुसरीकडे एक गिऱ्हाईक सरासरी पाच महिने टिकते असे तिने काढले होते. पाच गुणिले ७५० म्हणजे ३,७५०. दोनशे चाळीस टाकायचे आणि पावणेचार हजार मिळवायचे. एका रुपयाचे पंधरा होत असतील तर बांगड्या कपाटात ठेवून काय करायच्या, असा तिचा सवाल होता.

आम्ही तिला उलट एकच गोष्ट विचारली: जूनच्या अखेरीस हातात किती उरले? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पाचशे."

जूनमध्ये तिच्याकडे पैसे भरलेली ८० गिऱ्हाइके होती. ८० गुणिले ७५० म्हणजे ६०,००० रुपये. तरी मायलेकींच्या दिवसभराच्या राबण्याचा मोबदला पाचशे रुपये. एका रुपयाचे पंधरा होत असताना असे होत नाही. म्हणजे दोन आकड्यांपैकी एक तरी चुकीचा असणार. निघाले असे की दोन्ही चुकीचे होते.

पहिला आकडा घेऊ. गिऱ्हाईक मिळवायला फक्त जाहिरातीचे ६,००० गेले होते का? तिला आठवत गेले तसे आम्ही लिहीत गेलो. पत्रके छापली आणि वाटली, त्याचे ३,०००. ती वाटायला आणि सोसायट्यांच्या दारात उभे राहायला एक मुलगा ठेवला, त्याचे १,५००. चव पाहण्यासाठी ५० डबे फुकट दिले. डब्याला ९० रुपये पडतात, म्हणजे ४,५००. हा शेवटचा खर्च तिने "किराणा" या रकान्यात लिहिला होता, कारण सामान दुकानातूनच आले होते. पण तो डबा कोणी विकत घेतला नाही. तो नवे गिऱ्हाईक यावे म्हणून दिला. पैसा कोणत्या दुकानात गेला त्यावरून रकाना ठरत नाही, कशासाठी गेला त्यावरून ठरतो. सगळे मिळून १५,००० झाले. पंचवीसने भागले की ६०० रुपये. दोनशे चाळीसचे सहाशे झाले, आणि अजून हिशेब संपलेला नव्हता.

त्या पंचवीसपैकी १० जण जाहिरात पाहून आलेच नव्हते. कोणाच्या खोलीतल्या मित्राचा डबा आधीपासून चालू होता, त्याच्या डब्यातला घास चाखून ते आले. त्यांना पत्रक मिळाले नव्हते, फुकट डबाही मिळाला नव्हता. त्यांच्यासाठी या १५,००० मधला एक रुपयाही लागला नाही. म्हणजे १५,००० रुपयांनी खरे तर १५ जण आणले. एकाला १,००० रुपये. सहाशे ही सगळ्यांची सरासरी आहे आणि ती खोटी नाही. धंदा एकंदर कसा चालला आहे ते तिच्यावरून कळते. पण प्रश्न "जाहिरातीत आणखी पैसे टाकू का?" असा असेल तर ज्यांना जाहिरातीने आणले फक्त त्यांचाच भाव बघायला हवा. नवीन साठ हजारांनी मित्राच्या डब्यातला घास विकत मिळणार नाही.

आणि एक गोष्ट उरलीच होती. जाहिरातीत "पहिल्या महिन्यात ५०० रुपये सूट" असे लिहिले होते. पंधरा जणांना ती दिली, म्हणजे ७,५०० रुपये. ही सूट खर्चात धरा किंवा कमाईतून वजा करा, उत्तर तेच येते. फक्त एका बाजूला ती दिसलीच पाहिजे. तिच्या वहीत ती कुठेच नव्हती. कारण सूट म्हणजे खिशातून गेलेला पैसा नव्हे, आलाच नाही असा पैसा. आणि न आलेला पैसा लिहायची सवय कोणाला असते? आता जूनचे पाचशे कुठून आले ते कळते. साठ हजारांतून सूट ७,५००, गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च १५,०००, आणि पगार-भाडे ३७,०००. उरले ५००.

दुसरा आकडा पाच महिन्यांचा. तो तिने पुस्तकी पद्धतीनेच काढला होता आणि ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जूनचे पैसे भरलेल्या ८० जणांपैकी १६ जणांनी जुलैचे पैसे भरले नाहीत. ऐंशीतले सोळा, म्हणजे २० टक्के गळती. यालाच चर्न म्हणतात. मग एकाला गळतीच्या प्रमाणाने भागायचे: १ भागिले ०.२०, उत्तर ५ महिने.

हे भागणे का करायचे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. समजा शंभर जण आज लागले आणि दर महिन्याला उरलेल्यांपैकी वीस टक्के जातात. पहिल्या महिन्यात १०० जण पैसे देतील, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ६४, मग ५१, मग ४१, मग ३३, असे घसरत जाईल. ही सगळी बेरीज शेवटपर्यंत केली तर ५०० येते. शंभर माणसांनी मिळून पाचशे महिन्यांचे पैसे दिले, म्हणजे माणशी पाच महिने. अकरावीच्या मुलांना ही भूमिती श्रेढीची बेरीज म्हणून ओळखीची वाटेल. सूत्र बरोबर आहे, पण त्याची एक अट आहे: गळती प्रत्येक महिन्याला तेवढीच असली पाहिजे. नवा असो वा जुना, प्रत्येकाची जाण्याची शक्यता सारखी असली पाहिजे.

डब्याच्या धंद्यात तसे होत नाही, आणि आमच्या मते बहुतेक धंद्यांत होत नाही. ते सोळा जण कोण होते ते वहीत शोधले. जूनमध्येच लागलेल्या २५ नव्यांपैकी ९ गेले होते. आधीपासूनच्या ५५ जणांपैकी ७ गेले होते. नव्यांत गळती ३६ टक्के, जुन्यांत जेमतेम १३. वीस टक्के हा आकडा या दोघांच्या मधला आहे आणि तो दोघांपैकी कोणाचाच नाही.

म्हणून एकदा सरासरी सोडायची आणि एका महिन्यात लागलेल्या मंडळींची तुकडी वेगळी काढून तिच्या मागे मागे जायचे. पहिल्या महिन्यात किती, दुसऱ्यात किती, सहाव्यात किती. नशिबाने तिने प्रत्येकाची लागल्याची तारीख आणि दर महिन्याची पैसे भरल्याची खूण लिहून ठेवली होती. ही सवय तिला शाळेपासूनची, हजेरीपट तीच भरायची. जूनच्या तुकडीचे दोन भाग केले. जाहिरातीने आलेले १५ जण असे टिकले: १५, ७, ४, २, १, १. सातव्या महिन्यात कोणीच नाही. मित्राच्या डब्यावरून आलेले १० जण असे: १०, ९, ९, ८, ८, ७. यातले सात जण अजून जेवत आहेत.

आता फक्त बेरीज करायची. जाहिरातवाल्यांची बेरीज ३०. पंधरा माणसांनी मिळून तीस महिन्यांचे पैसे दिले, म्हणजे माणशी दोन महिने. दोन गुणिले ७५० म्हणजे १,५००, त्यातून सूट ५०० गेली, उरले १,०००. आणि त्याला आणायला लागलेला खर्चही १,०००. सगळी तुकडी धरली तरी तेच: तीस महिन्यांचे २२,५००, त्यातून सूट ७,५००, उरले १५,०००, आणि घातले होते १५,०००. सहा महिने रोज डबे भरून, पोहोचवून, घातलेला रुपया जसाच्या तसा परत आला. मदतनिसांच्या पगाराला आणि भाड्याला त्यातून एक पैसा लागला नाही. एका रुपयाचे पंधरा नव्हे, एका रुपयाचा एक.

दुसऱ्या भागाची बेरीज ५१ येते. दहा जण, माणशी पाच महिन्यांहून थोडे जास्त, म्हणजे ३,८२५ रुपये, आणि सातजणांचा हिशेब अजून चालूच आहे. पगार-भाडे भागत होते ते या लोकांच्या जिवावर. वरवर एकच डबा, एकच स्वयंपाकघर, पण गिऱ्हाइके दोन जातींची, आणि सरासरीने दोघांना एकाच ताटात वाढले होते.

आता कोणी म्हणेल, मग जाहिरात बंदच करा. आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण मित्राच्या डब्यावरून लोक येतात तेव्हा तो मित्र कधीतरी कुठून तरी आलेलाच असतो, आणि त्यातले काही पूर्वीच्या पत्रकावरून आलेले होते. शिवाय तिच्या वहीतच याचे दुसरे उत्तर दडलेले होते. ऑगस्टमध्ये तिच्याकडे पैशांची ओढाताण होती, म्हणून तिने जाहिरातीतली सूट काढून टाकली. बाकी सगळे तेच: जाहिरात, पत्रके, मुलगा, फुकट डबे, खर्च १५,०००. आले फक्त ९ जण. तिने तो महिना "वाया गेला" म्हणून मनातून पुसून टाकला होता. पंधरा हजारांत पंधरा जण मिळत होते तिथे नऊच मिळाले; एक गिऱ्हाईक हजाराऐवजी १,६६७ रुपयांना पडले.

पण ते नऊ जण टिकले कसे पाहा: ९, ८, ७, ६, ६, ५. बेरीज ४१. एकेचाळीस महिन्यांचे ३०,७५० रुपये. माणशी सुमारे ३,४१७. खर्च वजा जाता सहा महिन्यांत १५,७५० उरले आणि पाच जण अजून आहेत. पैसे परत यायला किती वेळ लागला तेही बघण्यासारखे आहे. पहिल्या महिन्यात ६,७५० आले, दुसऱ्यात ६,०००, तिसऱ्यात ५,२५०. म्हणजे तिसऱ्या महिन्यात घातलेले पंधरा हजार वसूल. जूनच्या तुकडीला त्यासाठी सहावा महिना उजाडावा लागला होता. गिऱ्हाईक महाग पडले आणि धंदा सुधारला. कॅक एकटा पाहिला तर ऑगस्ट हा वाईट महिना, एलटीव्ही शेजारी ठेवला तर वर्षातला चांगला.

कारणही काही गूढ नाही. पाचशेच्या सुटीने जे आले ते डब्यासाठी आले नव्हते, सुटीसाठी आले होते. दुसऱ्या महिन्यात पूर्ण तीन हजार मागितल्यावर ते दुसऱ्याची सूट शोधायला गेले. तिला काहींची नावे आठवली. परिसरातल्या चार डबेवाल्यांकडे ते आळीपाळीने जेवून झाले होते.

मात्र इथे घाई करू नये. नऊ ही संख्या लहान आहे. एकाच फ्लॅटमधले तिघे त्यात असतील आणि उद्या त्यांनी खोली बदलली तर आकडा कोसळेल. जूनमध्ये नवे लोक शहरात येतात, ऑगस्टमध्ये कमी येतात, म्हणजे दोन्ही महिन्यांतले लोकही अगदी सारखे नसणार. एका तुकडीवरून नियम ठरवायचा नाही. दोन-तीन तुकड्या सारख्याच दिसल्या की मग विश्वास ठेवायचा. सूट काढल्याने फरक पडतो असे समजून आणखी दोन महिने तसेच करून पाहावे, इतकेच आम्ही तिला सांगितले.

परीक्षक मंडळी एक ठोकताळा सांगतात: एलटीव्ही हा कॅकच्या तिप्पट असावा आणि खर्च वर्षाच्या आत वसूल व्हावा. हा डेव्हिड स्कॉक या अमेरिकी गुंतवणूकदाराने लोकप्रिय केला, आणि तो सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांसाठी होता. तिथे एक गिऱ्हाईक वाढले तर कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे राहते. डब्याच्या धंद्याला वर्षभर थांबायची ऐपत नसते. किराणावाला महिनाअखेर पैसे मागतो. ऑगस्टच्या तुकडीचे प्रमाण सहा महिन्यांअखेर दुप्पट आहे, तिप्पट नाही, तरी तिसऱ्या महिन्यात पैसे परत आल्यामुळे ते आम्हाला जास्त पटते. आणि एक: पुष्कळ मुले एलटीव्ही काढताना ७५० ऐवजी पूर्ण ३,००० धरतात. पाच गुणिले ३,००० म्हणजे १५,०००, असा देखणा आकडा येतो. त्यातले ११,२५० किराणावाल्याचे, गॅसवाल्याचे आणि पोहोचवणाऱ्या मुलाचे असतात.

हे फक्त घरगुती धंद्यात होते असे कोणी समजू नये. अमेरिकेत ब्लू एप्रन नावाची कंपनी २०१२ साली सुरू झाली. मोजून-मापून घेतलेले सामान आणि सोबत पाककृती असे खोके ती घरपोच पाठवायची, स्वयंपाक गिऱ्हाइकाने करायचा. २०१७ च्या जूनमध्ये ती शेअर बाजारात आली. त्या वेळच्या कागदपत्रांत तिने एक गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च ९४ डॉलर सांगितला. तो २०१४ पासूनच्या सगळ्या वर्षांचा मिळून होता. सुरुवातीची स्वस्तात मिळालेली गिऱ्हाइके त्या सरासरीत होती, जशी आमच्या विद्यार्थिनीच्या सहाशेत ती दहा जणे होती. नवे गिऱ्हाईक आज कितीला पडते, ते त्यातून दिसत नव्हते.

पण त्याच कागदपत्रांत बाकीचे आकडे होते. २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत कंपनीने मार्केटिंगवर सुमारे ६ कोटी ६ लाख डॉलर घातले. त्या काळात तिची गिऱ्हाइके ८ लाख ७९ हजारांवरून १० लाख ३६ हजार झाली. वाढ १ लाख ५७ हजारांची. भागाकार करून पाहा: वाढलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे सुमारे ३८६ डॉलर. हा नेमका कॅक नव्हे हे सांगितले पाहिजे. त्याच काळात पुष्कळ जण सोडूनही गेले असणार, म्हणजे नवे आलेले १ लाख ५७ हजारांहून जास्त होते. पण ९४ आणि ३८६ यांच्यातली दरीच सांगते की गळक्या रांजणात पाणी ओतले जात होते. डॅनियल मॅकार्थी या मार्केटिंगच्या प्राध्यापकाने हेच उघड आकडे तुकड्या-तुकड्यांनी मांडून अंदाज बांधला की नवीन दहा गिऱ्हाइकांतले सुमारे सात सहा महिन्यांत निघून जातात.

शेअरची किंमत कंपनीने आधी १५ ते १७ डॉलर सुचवली होती, ती शेवटी १० डॉलरवर आली. ॲमेझॉनने होल फूड्स ही किराण्याची साखळी घेण्याचे त्याच महिन्यात जाहीर केल्यामुळेही गुंतवणूकदार बिचकले, हे खरे. पुढे कंपनीने मार्केटिंग कमी केले आणि वर्षभरात गिऱ्हाइके ७ लाख ८६ हजारांवर उतरली. ओतणे कमी झाले तशी गळती दिसली. शेअर विकून ३० कोटी डॉलर उभी करणारी ही कंपनी २०२३ मध्ये सुमारे १० कोटी ३० लाख डॉलरना दुसऱ्या कंपनीला विकली गेली.

पुन्हा डब्याकडे. साठ हजारांचे काय, हा प्रश्न राहिला होता. पंधरा हजारांत नऊ टिकाऊ गिऱ्हाइके मिळतात, तर साठ हजारांत छत्तीस मिळतील का? नाही. डबा गरम पोहोचवायचा तर तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही. त्या परिसरात डबा हवा असलेले लोक मोजके, आणि त्यातले सहज येणारे आधी येतात. तीच जाहिरात तिसऱ्यांदा पाहणारा माणूस पहिल्यांदा पाहणाऱ्यापेक्षा महागात पडतो. शिवाय त्या स्वयंपाकघरात शंभराच्या वर डबे गेले की आणखी एक बाई आणि आणखी एक शेगडी लागणार. म्हणजे ३७,००० चा आकडा वाढणार. बांगड्या सध्या कपाटातच आहेत. दरमहा पंधरा हजार, तेही सुटीशिवाय, असे तिने ठरवले. फोनवर डबा लावणाऱ्या प्रत्येकाला ती आता "आमच्याबद्दल कुठून कळले?" असे विचारते आणि उत्तर नावापुढे लिहिते.

शेवटी एक अडचण तिने स्वतःच काढली, जी आमच्या ध्यानात आली नव्हती. "टीचर, रमजानमध्ये आपली मुले दुपारचा डबा बंद करतात. ती गेली असे धरायचे का?" महिनाभर पैसे आले नाहीत, म्हणजे वहीच्या भाषेत ती गेलेली. पण ईदनंतर बहुतेक जण परत येतात. त्यांना गेलेले धरले तर त्या महिन्यात गळती भयंकर दिसेल, आणि ईदनंतर तेच लोक नवे गिऱ्हाईक म्हणून लिहिले तर फुकटात नवी गिऱ्हाइके मिळाल्यासारखे दिसून कॅक खोटाच खाली येईल. दोन्ही आकडे एकदम बिघडतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचेही तेच.

आम्ही असा तोडगा काढला: वहीत तिसरी खूण ठेवायची. पैसे भरले तर बरोबरची खूण, सोडून गेला तर फुली, आणि थांबला तर शून्य. शून्याच्या महिन्यात कमाई धरायची नाही, पण माणूस तुकडीतून काढायचा नाही. सलग दोन महिने शून्य पडले की तिसऱ्या महिन्यात फुली. परत आला तर त्याच्या जुन्याच ओळीत पुढे लिहायचे, नवी ओळ काढायची नाही. यंदाच्या रमजानसाठी तिने शून्याचा रकाना आखून ठेवला आहे, आणि त्याच मुलांना इफ्तारचा छोटा डबा देता येईल का, याचा भाव अम्मी काढत आहेत. त्याला डब्यामागे किती उरतात ते मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागेल. फळे महाग असतात, आणि सगळे डबे मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात पोहोचवायचे तर एका मुलाने भागणार नाही.